दोन महिन्यांची चौकी : कलम 80, मालेगावचा दावा आणि न येणारे उत्तर

1/
सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा असेल तर आधी सरकारला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती पोचल्यानंतर दोन महिने थांबावे लागते. हा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 मध्ये आहे. शेजाऱ्याने बांध कोरला तर उद्याच न्यायालयात जाता येते; सरकारने भिंत पाडली तर मात्र आधी साठ-एकसष्ट दिवस वाट पाहायची. या नियमाचे समर्थन नेहमी एकाच वाक्यात केले जाते : सरकारला चूक सुधारण्याची संधी मिळावी आणि जनतेचा पैसा वाचावा. हेतू निर्दोष आहे. माझे म्हणणे इतकेच की गेल्या जवळजवळ दीडशे वर्षांत या कलमाने त्या हेतूची सेवा फार थोडी केली, आणि नागरिकाला दारातूनच परत पाठवण्याचे काम मात्र चोख केले.

2/
कलमाची वंशावळ आधी पाहू. 1877 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ते कलम 424 म्हणून होते, 1882 च्या संहितेतही त्याच क्रमांकाने राहिले, आणि 1908 च्या संहितेत कलम 80 झाले. त्या काळी प्रतिवादीचे नाव असे ‘भारतमंत्री’, म्हणजे लंडनमध्ये बसणारा सेक्रेटरी ऑफ स्टेट. नोटीस मात्र द्यायची इथल्या सरकारच्या सचिवाकडे किंवा जिल्ह्याच्या कलेक्टरकडे.

कल्पना इंग्लंडहून आलेली. तिकडे अठराव्या शतकापासून न्यायदंडाधिकाऱ्यांवर फिर्याद करण्याआधी महिनाभराची सूचना द्यावी लागे, आणि पुढे अशाच तरतुदी अनेक कायद्यांत पसरल्या. त्या तरतुदी इंग्लंडने 1893 च्या कायद्याने बहुतांशी काढून टाकल्या. मायदेशी जे जुने सामान अडगळीत गेले, ते पंधरा वर्षांनी वसाहतीच्या नव्या संहितेत पुन्हा मांडले गेले. ‘कायदा इंग्रजांनी दिला’ असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

3/
नोटिशीत काय हवे, हे कलम स्वतःच सांगते. वादीचे नाव, त्याचे वर्णन, राहण्याचे ठिकाण, वादकारण आणि मागितलेली दाद. ती योग्य कार्यालयात पोचली पाहिजे. ती पोचल्याच्या दिवसानंतर पूर्ण दोन महिने गेले पाहिजेत. आणि अशी नोटीस दिली आहे असे वादपत्रात लिहिले पाहिजे. यादी लहान आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट सरकारी वकिलाच्या हातात एकेक कुलूप ठरू शकते, आणि इतिहासात तसे ते ठरले आहे.

4/
आता मालेगाव.

एप्रिल 1921. खिलाफत चळवळीचा काळ. मालेगावात मोठी दंगल झाली, पोलीस उपनिरीक्षकासह काही जण मारले गेले, मालमत्तेची नासधूस झाली. पुढे मुंबई सरकारने 1890 च्या जिल्हा पोलीस कायद्याचा आधार घेऊन गावात जादा पोलीस बसवले, आणि त्यांचा खर्च व दंगलीतील नुकसानभरपाई रहिवाशांकडून वसूल करण्याचे ठरवले. या पद्धतीला आपण इतिहासात ‘सामूहिक दंड’ म्हणतो. कोणी दंगल केली आणि कोणी घराचे दार लावून बसला, हा प्रश्न वसुलीच्या यादीला पडत नाही.

5/
काही रहिवासी न्यायालयात गेले. त्यांच्यापैकी भागचंद दगडूसा गुजराथी यांचे नाव पुढे निकालाला लागले. त्यांचे म्हणणे असे की ही आकारणी बेकायदा आहे. तसे जाहीर करावे आणि वसुलीला मनाई करावी. त्यांनी नोटीस दिली होती. पण दोन महिने संपण्याआधीच दावा लावला.

का लावला, हे समजायला वकील असण्याची गरज नाही. वसुली होणार हे दिसत होते. दोन महिने थांबायचे म्हणजे आधी पैसे भरायचे, नाहीतर जप्ती पाहायची, आणि मग ‘जप्ती करू नये’ अशी मनाई मागायला जायचे. पूर ओसरल्यावर बंधारा बांधण्यातला हा प्रकार.

6/
शिवाय त्यांच्या बाजूला मुंबईचा कायदा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशी भूमिका घेतली होती की, होऊ घातलेले नुकसान थांबवण्यासाठी मनाई मागणाऱ्या दाव्याला दोन महिन्यांची अट लावणे बरोबर नाही. घडून गेलेल्या कृत्याबद्दल भरपाई मागत असाल तर जरूर थांबा. पण येणारा घाव अडवायचा असेल तर थांबण्यात काय अर्थ? कलकत्ता, मद्रास आणि अलाहाबाद येथील न्यायालयांचा कल मात्र कलमाची अक्षरे पाळण्याकडे होता. म्हणजे एकाच संहितेचा अर्थ मुंबई इलाख्यात एक आणि इतरत्र दुसरा.

7/
हा वाद 1927 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे मिटला. निकाल लॉर्ड सम्नर यांनी दिला. कलमाची भाषा स्पष्ट आहे, ती बंधनकारक आहे, आणि तिच्यात न लिहिलेले अपवाद न्यायालयाने घालू नयेत. मनाईचा दावा असो की भरपाईचा, दोन महिने म्हणजे दोन महिने. लोकांची अडचण होत असेल तर तो प्रश्न कायदे करणाऱ्यांचा आहे, न्यायाधीशांचा नव्हे. मुंबईचा सौम्य अर्थ त्या दिवशी संपला आणि मालेगावकरांचा दावा या मुद्द्यावर टिकला नाही.

8/
या निकालावर टीका करताना एक प्रामाणिकपणा पाळायला हवा. भाषेच्या दृष्टीने लॉर्ड सम्नर चुकीचे नव्हते. कलमात अपवाद खरोखरच नव्हता. मुंबईच्या न्यायाधीशांनी दयेपोटी शब्द ताणले होते, आणि न्यायाधीशांच्या दयेवर चालणारा कायदा फार काळ भरवशाचा राहत नाही. माझा रोख निकालापेक्षा कलमाकडे आहे. ज्या सरकारने दंड बसवला, त्यालाच ‘मला विचार करायला दोन महिने द्या, तोवर मी वसुली चालू ठेवतो’ असे म्हणण्याची सोय कलमाने दिली होती. नोटिशीच्या काळात सरकारने हात आखडता घ्यावा, असे एक अक्षरही तिथे नव्हते. वाट पाहण्याचे बंधन एकाच पक्षावर.

9/
इथे कोणी म्हणेल : हे गुलामगिरीच्या काळातले. स्वातंत्र्यानंतर काय?

स्वातंत्र्यानंतर ‘भारतमंत्री’ जाऊन ‘भारत सरकार’ आणि ‘राज्य शासन’ आले. कलम तेच राहिले. आणि सदोष नोटिशीचे खरे नाट्य तर या काळातच रंगले.

10/
नावाचा घोळ घ्या. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एस. एन. दत्त आणि कंपनी यांचे रेल्वेविरुद्धचे प्रकरण आले. नोटीस पेढीच्या नावाने गेली होती. दावा लावला पेढीच्या एकमेव मालकाने, स्वतःच्या नावाने. पेढी आणि मालक कायद्याच्या दृष्टीने एकच माणूस. एकट्या मालकाच्या पेढीला स्वतंत्र अस्तित्व नसते. तरीही नोटीस देणारा आणि दावा लावणारा यांची ओळख जुळत नाही, म्हणून नोटीस अवैध ठरली. रेल्वेला दावेदार कोण हे कळले नव्हते काय? माझ्या मते कळले होते.

आठ वर्षांनी, 1969 मध्ये, रघुनाथ दास यांच्या प्रकरणात जवळपास तोच घोळ पुन्हा आला. या वेळी न्यायालयाने नोटीस संपूर्ण वाचली, तिच्यातून मालक कोण हे समजते असे पाहिले आणि ती वैध ठरवली. या कलमाचा हेतू सरकारला फेरविचाराची संधी देणे हा आहे, बेसावध माणसासाठी सापळा लावणे हा नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

11/
दोन्ही निकाल आजही वकिलांच्या कपाटात शेजारीशेजारी असतात. सरकारी वकील 1961 चा काढतो, वादीचा वकील 1969 चा. त्या दोन्हींच्या आधी, 1958 च्या धियान सिंग यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने बजावले होते की कलमाचे पालन काटेकोर हवे, पण नोटीस वाचताना थोडी व्यवहारबुद्धीही बाळगावी. हा विचार एका इंग्रज न्यायाधीशाच्या 1844 मधील निकालातून उचललेला. गंमत अशी की व्यवहारबुद्धीलाही आपल्याकडे पूर्वनिर्णय लागतो.

12/
हेतू आणि परिणाम यांतली तफावत तपासायची एक सोपी कसोटी आहे. नोटिशीतला दोष न्यायालयात कोण आणि केव्हा दाखवतो? हेतू खरा असेल तर सदोष नोटीस मिळताच कार्यालयाने उत्तर द्यावे : आपले नाव जुळत नाही, पत्ता अपुरा आहे, कृपया दुरुस्त करून पाठवा. तसे सहसा घडत नाही. दोष सापडतो तो दावा लागल्यावर, लेखी कैफियत लिहिताना. ज्याच्या भल्यासाठी नोटीस असते तो ती सोडूनही देऊ शकतो, हे प्रिव्ही कौन्सिलने 1947 च्या वेल्लयन चेट्टियार प्रकरणात मान्य केले होते. म्हणजे नोटिशीचा आग्रह धरणे ही सरकारची निवड असते. ती निवड सरकार पुन्हापुन्हा करते. (त्याच प्रकरणात नोटीस एका वादीने दिली होती आणि दावा दोघांनी लावला होता, तेवढ्यावरून दावा अडकला.)

13/
हे फक्त माझ्यासारख्या विद्यार्थ्याचे मत असते तर सोडून द्या. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालातच हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली. पुढच्या अहवालांतही आयोगाने तेच सांगितले. 1970 च्या दशकात संहितेच्या दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा त्यात कलम 80 वगळण्याचाच प्रस्ताव होता. संसदेच्या संयुक्त समितीत ते वाचले. वगळण्याऐवजी डागडुजी झाली.

14/
ही डागडुजी 1976 ची. ती 1 फेब्रुवारी 1977 पासून लागू झाली. तिचे दोन भाग. पहिला : तातडीची दाद हवी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येईल. दुसरा : नोटिशीत चूक किंवा दोष आहे एवढ्यावरून दावा फेटाळू नये, मात्र वादी ओळखता येईल इतके नाव-पत्ता-वर्णन हवे, नोटीस योग्य कार्यालयात पोचलेली हवी, आणि वादकारण व दाद ढोबळमानाने सांगितलेली हवी.

‘मग प्रश्न सुटला की’, असे अनेक जण म्हणतात. माझा खरा वाद या म्हणण्याशी आहे.

15/
दुसरा भाग नीट वाचा. तो कागदावरचे दोष माफ करतो : नावातली चूक, वर्णनातली उणीव, मागणीच्या शब्दांतला सैलपणा. तो दोन गोष्टी माफ करत नाही. एक, नोटीस चुकीच्या दारी जाणे. दोन, दिवस कमी भरणे.

16/
एक कल्पित उदाहरण घेऊ. पाटबंधारे खात्याचा कालवा फुटला आणि एका शेतकऱ्याचे उभे पीक वाहून गेले. त्याला राज्य शासनाकडून भरपाई हवी आहे. त्याने सविस्तर नोटीस लिहिली : नाव, गाव, गट क्रमांक, फुटीचा दिवस, नुकसानीची रक्कम, सारे अचूक. ती त्याने कालव्याच्या कार्यकारी अभियंत्याला नेऊन दिली, कारण त्याच्या दृष्टीने कालव्याचे सरकार म्हणजे तोच. पण राज्य शासनाविरुद्धच्या दाव्यासाठी नोटीस शासनाच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला पोचावी लागते. (रेल्वेच्या बाबतीत ती महाव्यवस्थापकाला द्यायची.) अभियंता फार तर स्वतःविरुद्धच्या दाव्यापुरता योग्य पत्ता. म्हणजे मजकूर निर्दोष, आवक शिक्का सरकारी, आणि तरीही राज्याविरुद्ध नोटीस दिलीच नाही असा युक्तिवाद उभा राहतो.

17/
समजा, कोणीतरी सांगितले म्हणून त्याने दुसरी नोटीस जिल्हाधिकाऱ्याला टपालाने पाठवली. टाकली 1 मार्चला, पोचली 5 मार्चला. त्याच्या वकिलाने 1 मार्चपासून दोन महिने मोजले आणि 3 मे रोजी दावा दाखल केला. चूक. दोन महिने मोजायचे ते नोटीस पोचल्यापासून; 5 मे उलटल्याशिवाय दाव्याला दार उघडत नाही. म्हणूनच अनुभवी वकील टपाल-पावतीपेक्षा पोचपावती जपून ठेवतात, आणि त्यावरच्या तारखेपुढे दोन-चार दिवस जास्तच सोडतात.

18/
दोन-तीन दिवसांची ही चूक क्षुल्लक वाटत असेल तर 1984 चा बिहारी चौधरी यांचा निकाल वाचा. मालकीहक्काचा आणि ताब्याचा दावा. नोटीस दिलेली. दावा मुदतीआधी लावलेला. सर्वोच्च न्यायालयाने 1927 चीच कठोर वाट धरली : दोन महिने संपण्याआधी लावलेला दावा चालू शकत नाही, वादपत्र नामंजूर होणेच योग्य. आणि हे कोणत्या टप्प्यावर? खालच्या न्यायालयांतून वर चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत आल्यावर. दोन महिन्यांचा विचारकाळ मिळाला नाही म्हणून तक्रार करणाऱ्या सरकारला तोवर विचार करायला वर्षे मिळाली होती.

19/
यावर उत्तर येते की वादी पुन्हा योग्य रीतीने दावा लावू शकतो. लावू शकतो, कागदावर. मुदत कायदा नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळतो, ही गोष्ट खरी. पण अपिलांत गेलेली वर्षे तो आपोआप वगळत नाही. त्यासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागतो, आणि तो यशस्वी होईलच असे नाही. नवी फी, नवा वकील, आणि हयात असलेच तर तेच साक्षीदार.

20/
आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. दोन महिन्यांत सरकारने उत्तर दिले नाही तर काय होते? कलमात त्याला काहीही शिक्षा नाही. 1977 च्या अखेरीस न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पंजाबच्या एका प्रकरणात याच गोष्टीवर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली होती : तडजोडीसाठी ठेवलेले कलम, आणि सरकारे नोटिशीकडे ढुंकून पाहत नाहीत. 2005 मध्ये सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नोंदवले की बहुतेक नोटिशींना उत्तर जात नाही, गेले तर ते मोघम असते. म्हणून प्रत्येक सरकारने तीन महिन्यांत नोटिशींना उत्तर देण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, असा आदेश दिला. ज्या कलमाचा सारा आधार ‘सरकार विचार करील’ या गृहीतकावर आहे, त्याच्या जन्मानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी विचार करणारा माणूस नेमा, असे न्यायालयाला सांगावे लागले!

21/
नोटीस पूर्णपणे रद्दच करा, असा माझा हट्ट नाही. चांगली नोटीस चांगल्या कार्यालयात पोचली तर दावा खरोखर टळतो. पगाराच्या थकबाकीची, अनामत रकमेची साधी प्रकरणे याच वाटेने मिटू शकतात. पण मग तराजूची दोन्ही पारडी भरा. नोटिशीला मुदतीत सकारण उत्तर न देणाऱ्या सरकारला नोटिशीच्या दोषाचा आक्षेप घेता येऊ नये. दोष असेल तर तो त्या दोन महिन्यांतच वादीला कळवावा, नाहीतर सोडला असे मानावे. आणि मुदतीआधी लागलेला दावा नामंजूर करण्याऐवजी उरलेले दिवस संपेपर्यंत स्थगित ठेवावा. सरकारला हवे ते दोन महिने मिळतील. वादीचे दहा वर्षांचे श्रम वाया जाणार नाहीत.

22/
शेवटी पुन्हा मालेगाव, कारण मला कोणीतरी हे विचारणारच : आज तशी वसुली आली तर 1976 च्या दुरुस्तीने भागचंद वाचले असते का?

पोटकलम (2) खाली ते तातडीची परवानगी मागू शकले असते. पण तिथेही सरकारला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय न्यायालय अंतरिम दाद देऊ शकत नाही. आणि दोन्ही बाजू ऐकून न्यायालयाला तातडी पटली नाही, तर वादपत्र वादीला परत केले जाते : आधी नोटीस द्या, दोन महिने थांबा, मग या.